‘केवळ’ गळला की वाक्य बदलतं: कांटचं एक वाक्य सोपं करताना

प्रश्न: आमच्या अभ्यासगटात जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटचं हे वाक्य आलंय: ‘तू असं वाग की मानवता, मग ती तुझ्या स्वतःच्या ठायी असो वा इतर कोणाच्या, तिला तू नेहमी त्याच वेळी साध्य म्हणून वागवशील, केवळ साधन म्हणून कधीच नव्हे.’ गटात तत्त्वज्ञान शिकलेलं कोणी नाही, म्हणून मी त्याचं ‘माणसांचा वापर करू नका’ असं सोपं रूप लिहून दिलं. त्यावर एकीने विचारलं, ‘मग डॉक्टरकडे जायचंच नाही का? तोही वापरच झाला.’ मला उत्तर देता आलं नाही. अर्थ न हरवता हे वाक्य सोपं कसं लिहायचं?

उत्तर:

तुमच्या गटातल्या बाईंनी नेमकी जागा पकडली आहे. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मूळ वाक्यात ‘केवळ’ या शब्दात बसलेलं आहे आणि तुमच्या सोप्या वाक्यातून तोच शब्द गेला. अशी वाक्यं सोपी करताना जड शब्द सहसा शाबूत राहतात, कारण आपली नजर त्यांच्यावरच असते. ‘साध्य’ म्हणजे काय, ‘मानवता’ म्हणजे काय, यात आपण गुंततो आणि ‘केवळ’, ‘नेहमी’, ‘त्याच वेळी’ हे रोजच्या वापरातले शब्द कधी निसटले ते कळतही नाही. तत्त्वज्ञानाच्या वाक्यात खरं वजन बऱ्याचदा या किरकोळ दिसणाऱ्या शब्दांवरच पेललेलं असतं.

म्हणून मी सोपं लिहायला बसण्याआधी एक काम करतो. मूळ वाक्यातला एकेक शब्द झाकतो आणि स्वतःला विचारतो: हा नसता तर कोणत्या प्रसंगात निकाल बदलला असता? निकाल म्हणजे हे वागणं वाक्याला चालतं की चालत नाही, एवढंच. ज्या शब्दाने निकाल बदलतो तो सोप्या रूपात कुठल्या ना कुठल्या वेषात यायलाच हवा. ज्याने बदलत नाही तो बिनधास्त सोडावा.

‘केवळ’ झाकून बघा. आता वाक्य म्हणतं की माणसाला साधन म्हणून कधीच वागवू नकोस. म्हणजे डॉक्टर, शिक्षक, बसचा चालक, वाट सांगणारा अनोळखी माणूस, सगळ्यांशी असलेला व्यवहार बाद. कांटला हे अजिबात म्हणायचं नाही. आपण एकमेकांच्या उपयोगी पडतो हे तो गृहीतच धरतो. त्याचा आक्षेप आहे तो समोरच्याला उपयोगापलीकडे काही शिल्लकच न ठेवण्याला. डॉक्टरकडे तुम्ही उपचारासाठी जाता, म्हणजे त्याला साधन करता हे खरंच आहे. पण त्याने हे काम स्वतःहून पत्करलेलं असतं, तो नकार देऊ शकतो, आणि तुम्ही त्याच्यापासून काही लपवून त्याला राबवत नाही. म्हणून तो ‘केवळ’ साधन उरत नाही. तेव्हा तुमच्या बाईंना सांगायचं ते इतकंच: वापर होतो, आणि वाक्याला तो चालतो.

आता ‘त्याच वेळी साध्य म्हणून’ हा तुकडा झाका. उरतं: ‘केवळ साधन म्हणून कधीच वागवू नकोस.’ पहिल्या वाचनात वाटतं, काय बिघडलं? दोन्ही तुकडे एकच तर सांगतात. इथे थोडं थांबावं लागतं, कारण या वाक्याची सर्वात जास्त हानी इथे होते.

एक माणूस कल्पा. तो कोणालाही फसवत नाही, कोणावर जबरदस्ती करत नाही, कोणाकडून काही उकळत नाही. पण समोर कोणी अडचणीत असलं आणि हात देणं त्याला सहज शक्य असलं, तरी तो कधीच देत नाही. आपण बरं की आपलं काम बरं. या माणसाने कोणालाच साधन केलेलं नाही. फक्त दुसरा तुकडा ठेवला तर तो निर्दोष सुटतो. पूर्ण वाक्यात तो सुटत नाही, कारण त्याने इतरांना साध्य म्हणूनही कधी धरलं नाही, त्यांची उद्दिष्टं त्याच्या खिजगणतीतच नाहीत. हे वाक्य १७८५ सालच्या ज्या पुस्तकात आहे तिथे कांट ते चार उदाहरणांवर लावून दाखवतो आणि त्यातलं चौथं नेमकं हेच आहे. तो म्हणतो त्याचा आशय असा: कोणीच कोणाच्या सुखाला हातभार लावला नाही, पण मुद्दाम कोणाचं काही हिरावूनही घेतलं नाही, तरी मानवजात टिकेल, मात्र मानवतेला साध्य मानण्याशी जुळणारं ते फक्त नकारात्मक वागणं झालं. तेवढं पुरेसं नाही. दुसऱ्याची उद्दिष्टं, शक्य तितकी, माझीही व्हायला हवीत.

म्हणजे वाक्यात दोन मागण्या आहेत. एक मनाई आहे, दुसरी काहीतरी करायला सांगते. तुमच्या ‘वापर करू नका’ मध्ये फक्त मनाई आली, तीही गरजेपेक्षा कडक होऊन. आणि करायला सांगणारी मागणी लिहितानाही जपून लिहावं लागतं, कारण ‘प्रत्येकाला नेहमी मदत कर’ असं लिहिलं तर ते कांटच्याही पुढे जातं. मदतीच्या कर्तव्यात कोणाला, कधी, किती याला तो मोकळीक ठेवतो. मनाईत तशी मोकळीक नाही. खोटं वचन कधीतरी देऊन चालेल असं तो म्हणत नाही.

‘तुझ्या स्वतःच्या ठायी’ हा तुकडा जवळजवळ प्रत्येक सोप्या रूपातून गळतो, कारण नीती म्हणजे दुसऱ्याशी कसं वागायचं, अशीच आपली सवय. पण कांटच्या चारपैकी दोन उदाहरणं माणसाने स्वतःशी कसं वागावं याची आहेत. त्यातलं एक सोपं आहे: अंगात गुण असताना ऐषारामाच्या नादी लागून ते गंजू देणारा माणूस. यात दुसऱ्या कोणाचं काही बिघडलं नाही, तरी वाक्य त्याच्याकडे बोट दाखवतं.

‘नेहमी’ बद्दल फार सांगण्यासारखं नाही. ‘दर वेळी’ लिहिलं की भागतं.

राहिले दोन जड शब्द. ‘मानवता’ किंवा ‘माणुसकी’ म्हटलं की आपल्याला दया, कनवाळूपणा आठवतो. ‘त्याच्यात माणुसकी नाही’ हे आपण निर्दयी माणसाबद्दल म्हणतो. इथे तो अर्थ नाही. कांटला अभिप्रेत आहे माणसाची विचार करण्याची आणि स्वतःपुढे उद्दिष्ट ठेवण्याची ताकद. नंतरच्या, १७९७ सालच्या ग्रंथात तो हे जवळपास अशाच शब्दांत सांगतो. याने प्रत्यक्षात फरक पडतो. दया धरली तर समोरच्याला खूश ठेवणं, त्याचा प्रत्येक हट्ट पुरवणं म्हणजे वाक्य पाळणं असं होईल. ठरवण्याची ताकद धरली तर त्याच्या भल्यासाठी म्हणून त्याला अंधारात ठेवणंसुद्धा अडचणीचं ठरतं.

‘साध्य’ हा शब्द दुसऱ्या बाजूने चकवतो. साध्य म्हणजे मिळवायची, गाठायची गोष्ट. मग माणूस साध्य कसा? तो तर आधीच समोर उभा आहे. कांटनेच याची दखल घेतली आहे: हे घडवून आणायचं साध्य नव्हे, हे आधीपासून स्वतःच्या बळावर असलेलं साध्य आहे, ज्याच्या विरुद्ध कधीही वागायचं नाही. सोप्या भाषेत मी ‘ज्याच्यासाठी काही करावं असा’ किंवा ‘स्वतःची किंमत असलेला’ याच्या आसपास काहीतरी लिहितो. दोन्ही थोडे तोकडे पडतात, म्हणून ‘साध्य’ आणि ‘साधन’ ही जोडी गटात तशीच ठेवा आणि एकदाच समजावून सांगा. प्रत्येक शब्द सोपा करण्याचा हट्ट धरला की वाक्य लांबतं आणि ढिलं पडतं. अवघड पण कामाचा एखादा शब्द लोक पंधरा मिनिटांत आत्मसात करतात. ‘त्याच वेळी’ चा तिढा त्यांना त्याहून जास्त वेळ घेतो.

आता प्रत्यक्ष लिहिणं. त्याआधी चार-पाच प्रसंग कागदावर काढा आणि मूळ वाक्यानुसार प्रत्येकाचा निकाल त्यापुढे लिहा. सगळे प्रसंग सरळ असू नयेत, एक-दोन सीमेवरचे हवेत. मी घेतो तो मुख्य प्रसंग कांटच्याच उदाहरणावरून आहे, फक्त त्याची जोडी लावून.

एकाला पैशाची नड आहे. परत करता येणार नाहीत हे त्याला पक्कं माहीत आहे. तरी तो मित्राला म्हणतो, ‘महिनाभरात देतो,’ आणि पैसे घेतो. निकाल: चालत नाही. मित्र ज्याला हो म्हणाला ते घडतच नाहीये. जे घडतंय त्याला हो म्हणण्याची संधीच त्याला मिळालेली नाही. आता तोच माणूस, तीच नड, तेवढेच पैसे. पण तो म्हणतो, ‘परत देता येतील असं वाटत नाही. तरी देशील का?’ मित्र विचार करतो आणि देतो. निकाल: चालतं. मित्राचा उपयोग दोन्हीकडे सारखाच झाला. दुसऱ्या प्रसंगात ठरवणं मित्राच्या हातात राहिलं, इतकाच फरक, आणि वाक्य त्याच फरकावर बोट ठेवतं. गटात ही जोडी नुसती वाचून दाखवली तरी ‘केवळ’ चा अर्थ व्याख्येशिवाय पोचतो.

याच्या जोडीला डॉक्टरकडे जाणं (चालतं), वर सांगितलेला अलिप्त माणूस (चालत नाही), गुण वाया घालवणारा (चालत नाही), आणि रुग्णाला त्याच्याच भल्यासाठी म्हणून खोटं सांगणारा नातेवाईक (कांटच्या हिशेबाने चालत नाही) हे घ्या. मग कुठलंही सोपं रूप यांच्यावर घासून बघा.

तुमचं ‘माणसांचा वापर करू नका’ डॉक्टरपाशी अडलंच. ते पुष्कळदा ‘आपल्या फायद्यासाठी लोकांना वापरू नका’ असं दुरुस्त केलं जातं. तरी डॉक्टर बादच राहतो, कारण उपचारही आपल्या फायद्यासाठीच असतात. शिवाय रुग्णाशी खोटं बोलणारा नातेवाईक आता सुटतो, कारण त्याला स्वतःला काही फायदा नाही. ‘फायदा’ हा शब्द मूळ वाक्यात नाही. तो घुसवल्यामुळे प्रश्न हेतूचा होऊन बसला. सोपं करताना असा एखादा ओळखीचा शब्द आत आला की त्याच्यामागे त्याचा सगळा गोतावळा येतो, म्हणून बाहेरून घेतलेला प्रत्येक शब्द संशयाने बघावा.

दुसरं नेहमीचं रूप: ‘दुसऱ्याने आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसं आपण त्याच्याशी वागावं.’ ऐकायला छान, सर्वांच्या ओळखीचं, आणि चर्चेत कोणीतरी ते हमखास काढतंच: ‘म्हणजे हेच ना?’ कांटने या वाक्यानंतर थोड्याच पुढे एका तळटीपेत याच सूत्राच्या ‘स्वतःला जे नको ते दुसऱ्याला करू नकोस’ या रूपाचा समाचार घेतला आहे. त्याचे आक्षेप असे: या सूत्रात स्वतःबद्दलची कर्तव्यं येत नाहीत, मदतीचं कर्तव्यही येत नाही, कारण ‘मला कोणाची मदत नको, मीही कोणाला करणार नाही’ असं म्हणायला पुष्कळ लोक आनंदाने तयार होतील, आणि गुन्हेगार न्यायाधीशाला ऐकवू शकेल की तू माझ्या जागी असतास तर तुला शिक्षा नकोच वाटली असती. म्हणजे आपला अलिप्त माणूस आणि गुण वाया घालवणारा, दोघंही या रूपातून निसटतात. लेखकाने स्वतः जे नाकारलंय तेच त्याच्या नावावर सोपं करून खपवण्याइतकी वाईट गत दुसरी नाही, म्हणून सोपं रूप पक्कं करण्याआधी मूळ वाक्याच्या मागचं-पुढचं पानभर वाचून काढा. तळटीपांसकट.

तिसरं रूप ‘प्रत्येक माणसाचा आदर करा’. यात चूक अशी काही नाही, अडचण वेगळी आहे: ते कोणत्याच प्रसंगात ठाम निकाल देत नाही. खोटं वचन देणाराही म्हणेल, मला मित्राबद्दल फार आदर आहे. सगळे पटकन माना डोलवतात आणि कोणी काही विचारत नाही, तेव्हा समजावं की वाक्यातला दात पडलेला आहे.

मी सहसा ज्यावर येऊन थांबतो ते रूप असं:

‘माणूस काय करायचं, कशासाठी करायचं हे स्वतः ठरवू शकतो. ही ताकद तुझ्यात आहे तशीच दुसऱ्यातही आहे. एकमेकांच्या उपयोगी पडण्यात गैर नाही. पण कोणालाही, स्वतःलासुद्धा, नुसतं उपयोगाची वस्तू करून टाकू नकोस. त्याचा उपयोग करून घेत असतानाही, आणि करून घेत नसतानाही, त्याला त्याची स्वतःची उद्दिष्टं आहेत आणि त्यांना किंमत आहे हे धरूनच दर वेळी वाग.’

एका वाक्याची पाच झाली, ते होऊ द्या. मूळ वाक्य आखूड आहे कारण त्याने दोन-तीन गोष्टी शब्दांत दुमडून ठेवल्या आहेत. त्या उलगडल्या की जागा लागणारच. सोपं म्हणजे छोटं ही समजूत आधी सोडावी लागते.

यात मी दोन गोष्टी भरीच्या घातल्या आहेत. ‘उपयोगी पडण्यात गैर नाही’ हे मूळ वाक्य उघड म्हणत नाही, पण ‘केवळ’ मुळे ते निघतंच, म्हणून ती भर मला रास्त वाटते. ‘करून घेत नसतानाही’ हे शब्द अलिप्त माणसासाठी आहेत. ते गाळून बघा, तो लगेच सुटतो. उलट एक गोष्ट मी मुद्दाम बाहेर ठेवली आहे. ‘ज्याला समोरचा संमती देऊ शकला नसता असं काही करू नकोस’ असं लिहिण्याचा मोह फार होतो, कारण त्याने उसने पैसे लगेच समजतात. पण संमतीची गोष्ट कांट त्या उदाहरणाच्या स्पष्टीकरणात आणतो, सूत्रात नाही. शिवाय प्रत्यक्ष दिलेली संमती महत्त्वाची की देता येण्यासारखी संमती, यावर अभ्यासकांचे आजही वाद आहेत. तुम्ही ती सोप्या रूपात घातलीत तर गटाला नकळत एका बाजूचं उत्तर दिल्यासारखं होईल. चर्चेत सांगा, पण वेगळं करून: ‘हे वाक्यात नाही, वाक्य समजावताना त्याने म्हटलंय.’

माझं रूपही निर्दोष नाही. ‘उपयोगाची वस्तू’ मध्ये तुच्छतेची छटा आली आहे, जी ‘साधन’ मध्ये नाही. गोड बोलून, अगदी मानाने वागवून फसवणारा माणूस ‘मी कुठे त्याला वस्तू मानलं?’ असं म्हणू शकेल. गटात हा आक्षेप कोणी काढला तर मी ‘वस्तू’ खोडतो आणि ‘नुसतं स्वतःच्या कामाचं साधन’ करतो. वाक्य थोडं रुक्ष होतं, पण ती फट बुजते.

शेवटची चाचणी तुमची तुम्हाला घेता येत नाही, कारण मूळ वाक्य तुमच्या डोक्यात बसलेलं आहे आणि सोप्या रूपात जे नाही तेही तुम्ही त्यात वाचता. ज्याने मूळ वाचलेलं नाही अशा एखाद्याला फक्त सोपं रूप द्या. सोबत तेच पाच-सहा प्रसंग द्या, निकाल न लिहिता. ‘समजलं का?’ हे विचारू नका. लोक हो म्हणतात. ‘या प्रसंगात हे वाक्य काय म्हणेल?’ हे विचारा. त्याचा निकाल तुमच्यापेक्षा वेगळा आला तर त्याला समजावायला जाऊ नका. कोणत्या शब्दावरून तो तिथे पोचला ते विचारा आणि तो शब्द बदला. अलिप्त माणसापाशी सर्वात जास्त लोक चुकतात. तिथे निकाल जुळला तर रूप बऱ्यापैकी उभं आहे असं धरायला हरकत नाही.

गटात मूळ वाक्य आणि सोपं रूप एकाच पानावर, शेजारी शेजारी छापा. आधी सोपं वाचा, प्रसंगांवर बोला, मग मूळ वाचा आणि प्रत्येकाला विचारा की मूळच्या कोणत्या शब्दाला सोप्या रूपात जागा मिळालेली नाही. तुमच्या त्या बाईंना हे काम पहिल्यांदा द्या. आणि दोन माणसांची उद्दिष्टं एकमेकांच्या आड आली तर काय करायचं, हे कोणी विचारलंच तर सोप्या रूपात सहावं वाक्य घालू नका. मूळ वाक्यही तिथे गप्प आहे.